काटा नाही, दम मोजा

"तीन महिने झाले चालायलो, वजनाचा काटा हलेना, रात्रीचं जेवण बंद करू का?"

नका करू भाऊ, मी केलतं, चौथ्या दिवशी गच्चीवर चक्कर आली. मग काटाच बघायचं सोडलं आन् दमाकडं बघायला लागलो. एक मिनिट हळू पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा, आठवड्यातून तीनच दिवस, आन् पळताना सोबतच्याशी अख्खं वाक्य बोलता येईना तर वेग जास्त झाला समजायचं. मधे घाईत एका मिनिटाचे थेट तीन केले तर नडगी ठणकायला लागली, दहा दिवस घरी. गेल्या रविवारी दौलताबादच्या किल्ल्यावर अंधारीच्या भुयारी वाटेतून वरच्या बारादरी महालापर्यंत न बसता चढलो, मागच्या साली चांद मिनारच्या थोडं पुढंच बसकण मारली होती. वजन दीड किलो उतरलंय, पॅन्ट तीच हाय.