अनुभव धागा: "सध्याचा सीटीसी किती? हाइक किती टक्के हवी?"

ऋजुता
काल वाकडहून भाचीचा फोन. रिक्रूटरने दोनच प्रश्न विचारले, सध्याचा सीटीसी आणि अपेक्षित हाइक. "मावशी, तीस टक्के सांगून टाकू का?" मला माझी मगरपट्ट्यातली पहिली नोकरी सोडतानाची घालमेल आठवली. तुम्ही आकडा कसा काढलात? हिशोबासकट लिहा, तिला दाखवणार आहे.

निखिल_सौदागर
तीसच. सगळे तेच सांगतात, फार डोकं लावू नका.

खराडीकर
निखिल, तीस टक्के कशावर? माझ्या टीममधल्या एका मुलाचं सांगतो. सीटीसी १२ लाख. त्यात व्हेरिएबल १ लाख २० हजार, कंपनीच्या वाट्याचा पीएफ ५७,६०० आणि ग्रॅच्युइटी २३ हजार. हे वजा केलं की स्लिपवर दिसणारं ग्रॉस उरतं वर्षाला १० लाख.
त्याला बरोब्बर ३० टक्के धरून १५ लाख ६० हजारांची ऑफर आली. ब्रेकअप मागवला, तर व्हेरिएबल २० टक्के, म्हणजे ३ लाख १२ हजार. बेसिक ४० वरून ५० टक्क्यांवर नेलेलं, त्यामुळे पीएफ ९३,६०० आणि ग्रॅच्युइटी साडेसदतीस हजार. विम्याचा २० हजारांचा हप्ताही सीटीसीतच घातलेला. ग्रॉस उरलं जेमतेम ११ लाख. तिसाचे दहा टक्के झाले. वर पगारातून कापला जाणारा त्याचा स्वतःचा पीएफही वाढला, तो आपलाच पैसा हे खरं, पण घरभाडं त्यातून देता येत नाही.

प्राची
माझी पण काउंटर ऑफरचीच भानगड आहे!! सोमवारी राजीनामा टाकला, मॅनेजर म्हणतात थांब, आम्ही तेवढेच देतो. थांबू का?

खराडीकर
प्राचीताई, ती वेगळी गोष्ट, इथे नव्या कंपनीला आपण काय आकडा परत द्यायचा ते चाललंय. पण मॅनेजरकडून लेखी आल्याशिवाय काही मानू नका.

अमोल_भोसरी
सध्याचा पगार विचारणंच बेकायदेशीर आहे ना? सांगायचाच नाही.

सुजाता (एचआर)
अमोल, तो कायदा कॅलिफोर्नियासारख्या काही अमेरिकी राज्यांत आहे. इथे आम्ही सर्रास शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा मागतो. सांगितलेला आकडा आणि स्लिपा जुळल्या नाहीत तर ऑफर मागे घेतलेली मी पाहिली आहे. फुगवून सांगू नका.

ऋजुता
मग खराडीकर दादा, त्या मुलाने सांगितलं काय?

खराडीकर
हिशोब उलटा केला. एप्रिलमध्ये त्याचं अप्रेझल होतं, ८ टक्के जवळपास नक्की. म्हणजे जागचा हलला नसता तरी १० चे १० लाख ८० हजार झालेच असते. त्यावर २५ टक्के धरले, साडेतेरा लाख. हा ग्रॉसचा आकडा.
आता ५० टक्के बेसिक आणि १० टक्के व्हेरिएबल असेल, तर सीटीसीतले ८१-८२ टक्के स्लिपवर येतात. म्हणजे साडेतेरासाठी सीटीसी हवा साडेसोळा. व्हेरिएबल २० टक्के असेल तर तेवढ्याचसाठी १९ च्या जवळ जावं लागतं. म्हणून त्याने मेलमध्ये टक्के लिहिलेच नाहीत. "व्हेरिएबल, पीएफ, ग्रॅच्युइटी आणि विमा सोडून वर्षाला साडेतेरा लाख फिक्स्ड" एवढंच लिहिलं. दोन फोन झाले आणि १३ वर मिटलं. त्याने मनात धरलेला तळ साडेबाराचा होता.

मेघना_बाणेर
कुकर लावून वाचतेय 🙂 पण पोर्टलवर टक्क्यांचा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढेच जात नाही, तिथे काय करायचं?

सुजाता (एचआर)
तिथे काहीतरी भरा आणि शेऱ्यात फिक्स्डचा आकडा लिहा. शेरा सगळे रिक्रूटर वाचतात असं नाही, म्हणून फोनवरही सांगा.

तुषार
मला गेल्या वर्षी व्हेरिएबल ६० टक्केच मिळालं. सध्याचा सीटीसी सांगताना पूर्ण धरू की मिळालेलं?

सुजाता (एचआर)
पत्रावर आहे तो सीटीसी सांगा.

खराडीकर
मला पटत नाही. दोन्ही सांगावं. नव्या ठिकाणी व्हेरिएबल वाढवत असतील तर त्यांनी गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती टक्के वाटलं, हे विचारायला तेवढंच निमित्त मिळतं.

सुजाता (एचआर)
विचारा, पण बहुतेक जण गोलमोल उत्तर देतील.

निखिल_सौदागर
जॉइनिंग बोनस धरून तर भरपाई होते की.

मेघना_बाणेर
एकदाच मिळतो तो. आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत मागतात, माझ्या नवऱ्याला सगळा भरावा लागला. ऑफर लेटरमधलं ते कलम नीट वाचा.

ऋजुता
भाचीचं नवं ऑफिस खराडीत आहे, राहते वाकडला. जाण्यायेण्याचा खर्चही आकड्यात घालू म्हणते.

खराडीकर
घालू दे, पण रिक्रूटरला ते कारण सांगू नकोस म्हणावं, तो लगेच वर्क फ्रॉम होमच्या दिवसांवर विषय नेतो. आधी ब्रेकअप मागव तिला.

प्राची
वाकडला फ्लॅट सोडणार असेल तर मला सांगा हं, माझी बहीण शोधतेय. वन बीएचके आहे का?