प्रतिसाद: आरसीवर एजंटाचा नंबर असेल तर

«स्कूटर सेकंडहँड घेतली, चलनाचा एकही मेसेज येत नाही. नंबर कुठे बदलायचा?»

ट्रान्सफर करताना एजंटाने स्वतःचाच नंबर भरला असण्याची दाट शक्यता आहे. माझ्या नाशिकच्या एमएच-१५ गाडीचं तेच झालं होतं, मुंबई नाक्यावरचं चलन मला कित्येक महिन्यांनी कळलं.

parivahan.gov.in वर वाहनसेवांमध्ये मोबाईल नंबर अपडेट करायचा पर्याय आहे. गाडी नंबर, चासी आणि इंजिन नंबर आरसी समोर ठेवून भरा. आधारचा मार्ग निवडलात तर ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाईलवर येतो, त्यामुळे जुन्या नंबरवाचून अडत नाही. अडतं ते नावावर. आरसीवर नुसतं आद्याक्षर आणि आधारवर वडिलांसकट पूर्ण नाव असेल तर अर्ज पुढे सरकत नाही. तेव्हा कागद घेऊन पेठ रोडच्या आरटीओत जावं लागतं. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर आधारही त्यांचंच लागेल.

नंबर बदलला तरी जुन्या चलनांचे मेसेज परत येतील असं धरू नका. ती mahatrafficechallan.gov.in वर गाडी नंबर आणि चासीचे शेवटचे ४ आकडे टाकून आजच बघा. आणि लायसन्सवरचा नंबर वेगळा असतो, तो परिवहनच्याच सारथी पोर्टलवर बदला.