फोटो एडिट करताना ऑटोनंतर सावळा चेहरा राखाडी दिसतो

> "ऑटो दाबलं की सावळा चेहरा राख फासल्यासारखा दिसतो. सॅच्युरेशन वाढवलं तर नारिंगी होतो."

सॅच्युरेशनला आत्ता हात लावू नका. ऑटो गडद भाग 'कमी उजेड' समजून शॅडोज उचलतं, आणि रंग तिथेच विरतो. गालावर कर्सर ठेवून आकडे बघा. लाल १५०, हिरवा १३८, निळा १३२ असे जवळजवळ आले असतील, तर राखाडी दिसणारच. आधी शॅडोज शून्यावर आणा, मग एक्सपोजर थोडं उतरवा आणि ब्लॅक्स किंचित खाली घ्या. तरीही फिकट वाटलं तर ऑरेंजचं ल्युमिनन्स उणे १० करून बघा. लाल स्पष्ट पुढे, निळा सर्वांत मागे राहिला की त्वचेत जीव येतो. कपाळावरची चमक मात्र राहू द्या. ती दाबली की चेहरा सपाट होतो (हे हमखास घडतं). पार्श्वभूमी काळवंडली तर तेवढीच मास्क करून उजळा.