गर्दीच्या दिवसांत प्लॅटफॉर्म तिकीट बंद ठेवणे योग्य आहे का?

मेघना, इंदिरानगर: माझ्या ७४ वर्षांच्या सासूबाई दिवाळीच्या सुमारास नाशिकरोडहून कल्याणला एकट्या जाणार आहेत. त्या दिवसांत मोठ्या स्थानकांवर प्लॅटफॉर्म तिकिटे देत नाहीत, असे ऐकते. मग वृद्ध माणसाला उतरवून घ्यायचे तरी कोणी? ही बंदी तुम्हाला पटते का?

श्रीनिवास, जेलरोड: माझे आयुष्य तिकीट तपासणीत गेले आणि मला ही बंदी पटते. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी वांद्रे टर्मिनसवर चेंगराचेंगरी झाल्यानंतर मध्य रेल्वेने मुंबईतील मोठी स्थानके, पुणे आणि नागपूर येथे काही दिवस ही विक्री थांबवली होती आणि त्या यादीत कल्याणही होते. मात्र ज्येष्ठ नागरिक, आजारी माणसे, लहान मुले आणि मदतीची गरज असलेल्या महिला यांच्यासोबत येणाऱ्यांना त्यातून सवलत होती. यंदा बंदी आलीच, तर कल्याणच्या नातेवाइकाने सासूबाईंच्या आरक्षित तिकिटाचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन थेट खिडकीवर जावे, कारण त्या तिकिटावर वय छापलेले असते. नाशिकरोडची चौकशी मात्र वेगळी करा. आपले स्थानक भुसावळ विभागात येते आणि कल्याण मुंबई विभागात, त्यामुळे एकीकडचा आदेश दुसरीकडे लागू असेलच असे नाही.

वैशाली, सिडको: श्रीनिवासराव, वांद्र्याची गर्दी कोणाला सोडायला आलेल्यांची नव्हती, ती गोरखपूरच्या अनारक्षित गाडीत जागा धरू पाहणाऱ्या प्रवाशांची होती. जिथे डबेच अपुरे आहेत, तिथे आजीची पिशवी धरणाऱ्या नातवाला बाहेर ठेवून काय साधणार? २०२१ मध्ये मुंबईत हेच तिकीट १० चे ५० रुपये झाले, तेव्हा लोक ५ रुपयांचे लोकलचे तिकीट काढून सरळ आत जात होते. दर वाढवून गर्दी हटत नाही, फक्त नियम पाळणाऱ्याचा खिसा हलका होतो.

रोहित, पंचवटीचा पासधारक: एवढी चर्चा कशाला? प्लॅटफॉर्म तिकीट हातात असले की गाडीत चढता येते, टीसी आतमध्ये तिकीट करून देतो. सासूबाईंना जागेवर बसवताना गाडी सुटली तरी घाबरायचे कारण नाही.

श्रीनिवास, जेलरोड: रोहित, हे अर्धेच खरे आहे. प्लॅटफॉर्म तिकिटावर गाडीत चढण्याचा हक्क मिळत नाही. चुकून गाडी सुटलीच, तर स्वतः टीसीला गाठून सांगायचे, भाडे आणि वर किमान २५० रुपये भरायचे, आणि तरीही बसायला जागा मिळेलच असे नाही. त्या तिकिटाचा उपयोग एवढाच की आपण नाशिकरोडलाच चढलो हे सिद्ध होते आणि भाडे तिथूनच धरले जाते. आपल्याकडे बऱ्याच लांबच्या गाड्या जेमतेम दोन-तीन मिनिटे थांबतात. डबा कुठे लागतो ते आधी पाहून तिथेच उभे राहावे, बॅग दारातून आत सरकवावी आणि आपण खालीच राहावे.

सुलभा, देवळाली कॅम्प: माझी तक्रार बंदीची नाही, मुदतीची आहे. बहीण मुंबईहून १०:४० ला येणार म्हणून मी १०:१५ ला तिकीट काढले आणि गाडी आली १२:२५ ला. दोन तास १२:१५ लाच संपले होते. दारावरच्या तपासनिसाने दंडाची भाषा सुरू केली आणि बहीण बिचारी ट्रॉली धरून उभी. गाडी रेल्वेची, उशीर रेल्वेचा आणि दंड मला?

श्रीनिवास, जेलरोड: ताई, मुदत तिकीट काढल्याच्या क्षणापासून मोजतात, तुम्ही आत कधी गेलात याला महत्त्व नाही. मोबाइलवरच्या तिकिटाचेही तेच, आणि ते रद्दही करता येत नाही. त्यामुळे मुंबईकडून येणाऱ्या गाडीने इगतपुरी सोडली, भुसावळकडून येणाऱ्या गाडीने मनमाड सोडले, हे मोबाइलवर किंवा १३९ वर पाहून मगच तिकीट काढावे. तिथून नाशिकरोड साधारण तासाभराचे. तरीही मुदत संपत आली, तर आणखी दहा रुपये घालून नवे तिकीट काढलेले बरे.

वैशाली, सिडको: म्हणजे पुन्हा भुर्दंड आमच्यावरच. गाडीला तासाभराहून अधिक उशीर झाल्याचे रेल्वेच्याच फलकावर दिसत असेल, तर तेवढी मुदत आपोआप वाढायला हवी.

रोहित, पंचवटीचा पासधारक: आणि मग लोक दिवसभर पंख्याखाली बसून राहतील!

मेघना, इंदिरानगर: सवलत आहे हे मला माहीतच नव्हते. पण खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने ‘बंद आहे’ म्हणून परत पाठवले तर?

श्रीनिवास, जेलरोड: तर स्टेशन मास्तर किंवा ड्यूटीवरच्या उपव्यवस्थापकाला भेटायला सांगा. गर्दीच्या वेळी खिडकीवरचा माणूस पटकन नाही म्हणतो, हे मी नाकारणार नाही.

वैशाली, सिडको: सिंहस्थात नाशिकरोडला हीच वेळ येणार आहे. बंदीचा फलक जेवढ्या मोठ्या अक्षरांत लावतात, तेवढ्याच अक्षरांत सवलतही त्याच फलकावर लिहा, एवढे तरी मान्य कराल का?

श्रीनिवास, जेलरोड: लिहायला माझी हरकत नाही. पण मग प्रत्येक आजोबांमागे चार-चार नातेवाईक उभे राहतील. एका ज्येष्ठामागे एकच माणूस, असेही त्या फलकावर असावे.