पीक कर्ज वेळेत फेडलं, तरी पासबुकात पूर्ण 7 टक्के व्याज. सवलत कुठे दिसते?

दारव्हेकर_पोरगा

बाबांच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेचं पीक कर्ज आहे, कपाशी-तुरीवर. 14 जून 2024 ला 1,40,000 एकदमच उचलले. तूर विकून 10 एप्रिल 2025 ला व्याजासकट सगळं भरलं. पासबुकातल्या व्याजाच्या नोंदी अशा:

30 सप्टेंबर: 2,900
31 मार्च: 4,988
10 एप्रिल: 279

म्हणजे 8,167 रुपये. तीन लाखांपर्यंत बिनव्याजी म्हणतात, मग हे काय? शाखेत विचारलं तर "वरून येईल" एवढंच सांगतात. ऑगस्ट उजाडला, आलं काहीच नाही. शिवाय शेजारचे काका म्हणतात की मुदत 30 जूनपर्यंत होती, उगाच घाई करून तूर पडत्या भावात विकली.

पऱ्हाटीवाला

काका बरोबर बोलून राह्यले. सगळ्यांची मुदत 30 जूनच असते. आणि तीन लाखांपर्यंत शून्य टक्के, म्हणजे बँकेनं व्याज लावायलाच नको होतं. तक्रार ठोका.

सोसायटीवाले_भाऊ

आमचं तर गावच्या सोसायटीतून आहे. मार्चमध्ये फक्त मुद्दल भरलं, व्याज घेतलंच नाही. पण यंदा सचिव म्हणतो की आधी व्याजासकट भरा, सवलत मागून खात्यात येईल. हे असं कसं? कोणाला माहीत असेल तर सांगा बा.

निवृत्त_कृषी_अधिकारी

दारव्हेकर, मी बँकेच्या कृषी कर्ज विभागात होतो. आधी मुदतीचं बोलतो, कारण त्यात लोक फसतात. 30 जून ही तारीख राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलतीची. केंद्राची 3 टक्क्यांची सवलत वेगळी. ती उचल केल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष मिळते, आणि बँकेनं ठरवलेली मुदत त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंतच. तुमची उचल 14 जूनची. 28 जूनला भरले असते तर काकांच्या हिशोबानं वेळेत आणि केंद्राच्या हिशोबानं उशिरा! बाबांनी घाई केली ते बरंच झालं.

आता पासबुक. बँकेला केंद्राकडून दीड टक्का मिळतो, म्हणून तुम्हाला दर 7 लागतो. तो दीड टक्का तुमच्या खात्यात कधीच दिसणार नाही. 3 टक्क्यांची मात्र जमेची नोंद यायला हवी. तुमचे दिवस 300. 1,40,000 वर 3 टक्क्यांनी 300 दिवसांचे होतात 3,452 रुपये. काही शाखा भरणा होताच देतात, काही क्लेम मंजूर झाल्यावर. क्लेमची माहिती बँक किसान ऋण पोर्टलवर चढवते. आधारवरचं नाव जुळत नसेल किंवा पिकाची-जमिनीची माहिती अर्धवट असेल तर तो तिथेच अडकतो, आणि शेतकऱ्याला कोणी कळवत नाही. "वरून येईल" यावर थांबू नका. आमच्या खात्याचा क्लेम पोर्टलवर गेला का, गेला असेल तर स्थिती काय, हे लेखी विचारा. नवं-जुनं केलं असेल तर नव्या कर्ज खात्यात आणि बचत खात्यातही बघा, पैसे तिकडे पडलेले असतात.

राज्याची सवलत ही तिसरी गोष्ट. तिचा प्रस्ताव जिल्हा उपनिबंधक कार्यालयामार्फत जातो आणि ती सावकाश येते. म्हणून "शून्य टक्के" हे पासबुकात पहिल्या दिवशी दिसत नाही. आधी व्याज लागतं, मग परत येतं. सोसायटीवाले भाऊ, तुमचा सचिव हेच सांगतोय.

एक गोष्ट खटकली. 1 ऑक्टोबर ते 31 मार्च 182 दिवस. नुसत्या मुद्दलावर 4,887 होतात, तुम्हाला 4,988 लावलेत. वरचे 101 रुपये म्हणजे सप्टेंबरच्या व्याजावरचं व्याज. एप्रिलच्या दहा दिवसांचेही 268 हवेत, 279 आहेत. पीक कर्ज थकीत होईपर्यंत व्याजावर व्याज लावायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अर्जात हेही मांडा.

पऱ्हाटीवाला

सायेब, माझी उचल 22 मेची होती. भरले 20 जूनला. मग माझी 3 टक्के गेली का?

निवृत्त_कृषी_अधिकारी

उचल आदल्या वर्षाच्या मेची असेल तर वर्ष उलटून गेलं होतं. मंजुरीपत्रावरची मुदत बघा, पण आशा कमी. राज्याच्या सवलतीचं मात्र शाखेत विचारा.

दारव्हेकर_पोरगा

काल अर्ज दिला, पोच घेतली. साहेबांनी पोर्टल उघडून दाखवलं. आधारवर बाबांचं पूर्ण नाव आहे, कर्ज खात्यात वडिलांच्या नावाच्या जागी नुसतं एक अक्षर, आणि क्लेम "प्रलंबित". दुरुस्ती करून पुन्हा पाठवतो म्हणाले. 112 रुपयांबद्दल म्हणाले की व्याज सिस्टीमच लावते, आमच्या हातात नाही. हे खरं असतं का? कोणाला असे पैसे परत मिळालेत का?

सोसायटीवाले_भाऊ

सिस्टीम म्हणे. आमच्या सचिवाला तर तेही कारण नाही, त्याचं सगळं वहीत.