ही भाजी शेवळंच आहे का? आणि साफ कशी करायची?

सोबत फोटो टाकला आहे. पनवेलच्या बाजारात, पहिल्या पावसानंतर रानभाज्या घेऊन बसणाऱ्या मावशींकडून एक जुडी घेतली. वीतभर लांब, टोकदार मिटलेल्या कळ्या आहेत, बाहेरून तपकिरी-जांभळट. पाने अजिबात नाहीत. एक कळी उभी चिरली तर आत जाडसर दांडा निघाला: वर गडद, खाली पिवळा आणि दाणेदार.

मावशींनी सोबत मूठभर हिरवी, गोल, आंबट फळं दिली आणि "ही घातल्याशिवाय शिजवू नका, घसा खाजेल" असं बजावलं. गर्दीत भाजीचं नाव नीट ऐकू आलं नाही. फळं काकडं असावीत असं वाटतं, म्हणून भाजीही शेवळं असावी. पण सुरणाच्या कुळातलं दुसरं काही असेल तर अंदाजावर शिजवायचं नाही, म्हणून अजून काहीच केलेलं नाही. कळ्या कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवल्या आहेत.

शेवळं कोलंबी किंवा खिम्यात घालतात हे ऐकून आहे, पण आमच्याकडे शाकाहारीच लागेल. भिजवलेले वाल घरात आहेत. घरात लहान मूल आहे, त्यामुळे खाज राहून चालणार नाही.

ज्यांच्या घरी ही दरवर्षी होते त्यांनी कृपया सांगा: फोटोतली शेवळंच आहेत ना? आतला पिवळा भाग पूर्ण काढायचा का? काकडं वाटून रस गाळून घालायचा की फळं तशीच शिजवायची? आणि ती कमी पडली तर चिंचेच्या कोळाने खाज नक्की जाते का?