पर्सनल लोनच्या फोरक्लोजर पत्रातले आकडे जुळत नाहीत, मदत हवी आहे

उंबरठा
नमस्कार मंडळी. एका एनबीएफसीकडून पाच लाखांचं पर्सनल लोन घेतलं होतं. १४ टक्के फिक्स्ड, ६० हप्ते, हप्ता ११,६३४. पहिला हप्ता ५ जानेवारी २०२४ ला गेला आणि या ५ डिसेंबरला २४ वा. भिशीचे आणि बोनसचे पैसे हातात आलेत, म्हणून एकदाचं बंद करावं म्हटलं. काल फोरक्लोजरचं पत्र आलं. २० डिसेंबरपर्यंत भरायचे आहेत:

शिल्लक मुद्दल ३,४०,४०२
व्याज ३,९७१
फोरक्लोजर चार्ज ४ टक्के १३,६१६
त्यावर जीएसटी २,४५१
इतर आकार १,७७०
एकूण ३,६२,२१०

यातलं खरं किती आणि उगाच लावलेलं किती? 'इतर आकार' म्हणजे काय हे कस्टमर केअरलाही सांगता येत नाहीये.

बाणेदार
एक पैसाही चार्ज देऊ नका! रिझर्व्ह बँकेने प्रीपेमेंट चार्ज बंद केलेत. १ जानेवारी २०२६ पासून नवा नियम लागू होतोय, पंधरा दिवस थांबा आणि फुकटात बंद करा.

हिशेबनीस
बाणेदार, थांबून काही मिळणार नाही. जुलै २०२५ चा तो नियम १ जानेवारी २०२६ ला किंवा त्यानंतर मंजूर अथवा नूतनीकरण झालेल्या कर्जांसाठी आहे, आणि तोही फ्लोटिंग दराच्या. यांचं लोन जुनं, वर फिक्स्ड. तेव्हा चार्ज करारात असेल तर लागणारच. उंबरठा, करारात ४ टक्के कशावर लिहिलेत ते बघा. शिल्लक मुद्दलावर असेल तर १३,६१६ बरोबर आहे, त्यावर १८ टक्के जीएसटीही बरोबर. मंजूर रकमेवर असं लिहून वीस हजार मागणारेही पाहिलेत.

मुद्दलही जुळतं. चोविसाव्या हप्त्यानंतर तेवढंच उरतं.

गोची व्याजात आहे. ३,९७१ हा आकडा तुमच्या हप्त्यांच्या तक्त्यात शोधा. पुढच्या, म्हणजे ५ जानेवारीच्या हप्त्यातला व्याजाचा भाग तेवढाच निघेल. त्यांनी अख्ख्या महिन्याचं व्याज लावलंय. तुम्ही पैसे २० तारखेला भरताय, म्हणजे ५ पासून १५ दिवस. ३,४०,४०२ वर १४ टक्क्यांनी दिवसाला साधारण १३१ रुपये पडतात, १५ दिवसांचे १,९५८. दोन हजार जास्त मागतायत. आधी करारात 'पूर्ण महिन्याचं व्याज' असं कलम नाही ना, ते तपासा. नसेल तर मेल टाका: भरण्याच्या तारखेपर्यंतचं व्याज आणि रोजचा दर लिहून द्या. फोनवर बोलू नका, लेखी घ्या.

माईसाहेब
आमच्या ह्यांच्या होम लोनचे पैसे भरून दोन महिने झाले, तरी घराची मूळ कागदपत्रं दिली नाहीत. तुमचीही अडकवून ठेवतील हो, आधी ती मागून घ्या.

हिशेबनीस
माईसाहेब, यांचं पर्सनल लोन आहे, कागद गहाण नसतात. तुमचं प्रकरण मात्र गंभीर आहे. पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत कागद परत करायचे असतात. उशीर बँकेमुळे झाला असेल तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

उंबरठा
करार पाहिला. ४ टक्के 'शिल्लक मुद्दलावर' आहे आणि पूर्ण महिन्याच्या व्याजाचं कलम कुठेच सापडलं नाही. मेल टाकलाय. १,७७० चं काय?

हिशेबनीस
५९० चे तीन होतात. ५०० अधिक जीएसटी म्हणजे ५९०, बाउन्स चार्जचा नेहमीचा आकडा. हप्ता कधी बाउन्स झाला होता का?

उंबरठा
हो, मागच्या वर्षी एकदा, पगार उशिरा झाला तेव्हा. पण एकदाच! तीनदा कसा?

रिकव्हरीतला
मी या धंद्यात होतो. पाचला बाउन्स झाला की चार-पाच दिवसांनी पुन्हा खात्यावर टाकतात, मग परत एकदा. प्रत्येक वेळी ५९० चढतात. तुमच्या बँकेच्या स्टेटमेंटमध्ये त्या महिन्यात परत गेलेल्या मँडेटच्या नोंदी मोजा. तीन दिसल्या तर भांडायला फार जागा नाही, एकच दिसली तर दोन काढून घ्या.

आणि पैसे भरलेत तरी ५ जानेवारीचा हप्ता कापला जाऊ शकतो. मँडेट बंद करायचं पत्र त्याच दिवशी द्या.

उंबरठा
अपडेट: सुधारित पत्र आलं. व्याज १,९५८ केलंय, एकूण ३,६०,१९७. १,७७० तसेच. स्टेटमेंटमध्ये त्या महिन्यात दोनच नोंदी दिसतायत, ५ आणि १० तारखेची. तिसरी कुठली, हे विचारलं तर 'सिस्टीममध्ये आहे' एवढंच उत्तर.

हिशेबनीस
त्यांच्याकडून लोन खात्याचं पूर्ण स्टेटमेंट मागा, त्यात तिसऱ्या नोंदीची तारीख असायलाच हवी. ५९० साठी २० तारीख चुकवू नका, पुढे रोज १३१ वाढतील. भरताना मेलमध्ये लिहा की ही रक्कम वाद कायम ठेवून भरतोय. तक्रार आधी त्यांच्याकडेच लेखी करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं.

बाणेदार
५९० साठी लोकपाल? मी तर नक्की गेलो असतो.

उंबरठा
बघतो. स्टेटमेंट मागवलंय, आलं की इथेच टाकतो.